निंगबोतलं परतीचं जेवण: कुठलं चिनी वाक्य कधी बोलायचं

प्रश्न: "आमची चाकणची छोटी कंपनी आहे. मशीन तपासायला मी आणि आमचे साहेब पुढच्या महिन्यात चीनमध्ये निंगबोला चाललोय. ते लोक रोज जेवू घालणार हे नक्की, म्हणून शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्यांना जेवण द्यायचं ठरवलंय. त्यांचे पाच जण असतील. मी शाकाहारी आहे आणि दारू घेत नाही. साहेब थोडी घेतात, पण त्यांना बीपीची गोळी चालू आहे. चिनी अजिबात येत नाही. टोस्ट, वाढणं, नको म्हणणं, यासाठी कामाला येतील अशी वाक्यं सांगाल का?"

वाक्यं सांगतो, पण नुसती यादी पाठ करून तुमचं भागणार नाही. चिनी जेवणाच्या टेबलावर बऱ्याच वाक्यांनी तुम्ही एखाद्या गोष्टीला बांधले जाता किंवा तिच्यातून सुटता. अर्थ ठाऊक असूनही परिणाम ठाऊक नसेल तर पंचाईत होते. माझं स्वतःचं पहिलं जेवण असंच गेलं. 'कान-पेइ' म्हणजे आपलं 'चीअर्स' अशी माझी समजूत होती, त्यामुळे कुणी पेला उचलला की मी हसून 'कान-पेइ' म्हणायचो. शब्दशः अर्थ 'पेला कोरडा', आणि तो शब्दशःच पाळायचा असतो. ज्यानं म्हटलं त्यानं पेला रिकामा करून दाखवायचा. सातव्या पेल्यानंतर मला कुणीतरी खुर्चीसकट भिंतीकडे सरकवलं, एवढंच आठवतंय. त्यानंतर खरेदीच्या कामासाठी मी बारा-तेरा वर्षं त्या भागात ये-जा केली. खाली जे लिहितोय ते त्या अनुभवावरून, म्हणजे निंगबो ज्यात येतं त्या चच्यांग प्रांतातल्या कारखानदारांच्या पंगतींवरून. शानतुंगकडे पिण्याचा आग्रह याहून बराच कडक असतो आणि दक्षिणेला क्वांगतुंगमध्ये पुष्कळ सैल. तरुण मंडळी असतील तर कुठेही सैलच. तुमच्याकडे कोण येणार यावर बरंच अवलंबून आहे.

आधी उच्चार, कारण मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि तो रोमन अक्षरं वाचल्यामुळे वाया जातो. रोमन लिपीतल्या चिनीत जिथे आपल्याला ग, ब, द दिसतात तिथे खरा उच्चार क, प, त असा असतो आणि जिथे क, प, त दिसतात तिथे ख, फ, थ. इंग्रजी वळणाच्या कानाला हा फरक पकडायला वेळ लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला आहे. म्हणून 'गानबेइ' नाही, 'कान-पेइ'. कान आपला कानच, आणि 'पेइ' हे 'पेय'च्या इतकं जवळ आहे की विसरायला होत नाही. 'त्स' म्हणजे चमच्यातला च, आणि 'छ्र' म्हणताना जीभ मागे वळवा. खाली सगळं याच पद्धतीनं लिहितो. सुरांच्या भानगडीत एका महिन्यात पडू नका, पण दोन शब्द मात्र घोटून घ्या. 'चिङ' हा सूर वरून खाली आपटत म्हणायचा, त्याचा अर्थ आदरानं पेला अर्पण करणं. 'छिङ' हा खाली दबवून म्हणायचा, त्याचा अर्थ 'कृपया', 'या' किंवा 'मी जेवण देतो'. संध्याकाळभर हेच दोन शब्द तुमच्या तोंडी असणार आहेत. च आणि छ ची अदलाबदल झाली तर टोस्टच्या जागी आमंत्रण होईल. लोक समजून घेतात, हसतातही, पण टोस्टच्या ऐन क्षणी हसू नको असतं.

नावांचं आधीच पक्कं करा. मालक किंवा मॅनेजर चाङ आडनावाचे असतील तर 'चाङ त्सुङ'. उपमॅनेजर असले तरी हाक मारताना 'उप' गाळायचं, 'त्सुङ'च म्हणायचं. इंजिनियर ली असतील तर 'ली कुङ'. तुमचं मशीन ज्यानं चालवून दाखवलं तो माणूस बहुधा 'कुङ'च असेल, आणि त्याला नावानं हाक मारून पेला उचललात तर तो तुम्हाला विसरणार नाही. नुसतं 'मिस्टर चाङ' चालतं, पण परकं वाटतं.

आता मुळातली अडचण. तुम्ही जेवण देणार असं तुम्ही ठरवलंय, त्यांनी नाही. त्यांच्या गावात पाहुण्यानं बिल द्यावं हे त्यांना पटत नाही. यजमान-गावकऱ्याचं कर्तव्य या अर्थी त्यांच्याकडे 'ती-चू च्र यी' असा शब्दच आहे, तो तुमच्या तोंडावर मारला जाईल. म्हणून दोन दिवस आधी, कारखान्यात असतानाच, सांगून ठेवा:

"चे-त्स यी-तिङ राङ वो-मन छिङ." (या वेळी नक्की आम्हालाच देऊ द्या.)

'राङ' म्हणजे करू देणं. ही विनंती आहे, त्यामुळे ती मोडायला जड जाते. तरी ते 'पु-युङ, पु-युङ', म्हणजे गरज नाही, असं दोनदा म्हणतील. त्याचा अर्थ नकार नाही. आपल्याकडे "कशाला त्रास घेता" म्हणतात तसं समजा. तिसऱ्यांदा सांगितलंत की मान्य होतं.

माझ्या एका परतीच्या जेवणात मी सगळं यथासांग केलं आणि शेवटी काउंटरवर गेलो तर बिल भरलेलं. समोरच्या कंपनीचा एक पोरगा सूप येण्याच्या सुमारास फोन आल्याचा बहाणा करून बाहेर गेला होता, त्यानंच भरलं. तेव्हापासून मी पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी पोचतो, पदार्थ ठरवतो आणि काउंटरवर आगाऊ रक्कम ठेवून सांगतो, "चिन-थ्येन वो छिङ-ख", आज मी देतोय, दुसऱ्या कुणाकडून घेऊ नका. फोनवरून पैसे देण्याचं ॲप तुमच्या कार्डावर चालतंय का, ते आदल्या दिवशी पाण्याची बाटली विकत घेऊन बघा आणि पुरेशी रोख रक्कमही जवळ असू द्या. खोली वेगळी घ्या, तिला 'पाओ-च्येन' म्हणतात. अशा खोलीला किमान खर्चाची अट असू शकते, तिला 'ती-श्याओ' म्हणतात. ती किती आहे ते फोन करतानाच विचारून घ्या.

बसण्याची जागा. दाराकडे तोंड असलेली खुर्ची यजमानाची, तिथे तुमचे साहेब. त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणे, म्हणजे चाङ त्सुङ. तुम्ही साहेबांच्या समोर, दाराजवळ, म्हणजे वाढणाऱ्यांना सूचना देणं सोपं जातं. चाङ त्सुङ नम्रपणानं दाराजवळच बसायला बघतील. त्यांच्या कोपराला हलका हात लावून 'निन त्स्वो चे-ली', तुम्ही इथे बसा, असं म्हणा. हाही आग्रह दोन-तीन फेऱ्यांचा असतो. घाई करू नका, पण हारही मानू नका.

पदार्थांचा माझा हिशोब असा: सात माणसांना चार थंड पदार्थ, सात-आठ गरम, एक सूप, शेवटी भात किंवा नूडल्स. ऑर्डर देण्याआधी पाहुण्यांपैकी कुणाला तरी विचारा, "यौ मेइ-यौ ची-खौ त?" म्हणजे काही वर्ज्य आहे का. हे विचारणं शिष्टाचार म्हणून चांगलंच, शिवाय तुमचं पथ्य सांगायला त्यामुळे वाट होते. तुमचं वाक्य: "वो छ्र सू", मी शाकाहारी. पण एवढ्यावर थांबू नका. नुसतं 'रौ', म्हणजे मांस, नको म्हटलंत तर भाजीत कोळंबी येऊ शकते, कारण त्यांच्या बोलण्यात 'रौ' म्हटलं की आधी डुकराचं मांस डोळ्यासमोर येतं. आणि पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा वरून ऑयस्टर सॉस घातलेली असू शकते. वाढणाऱ्या मुलीला स्पष्ट सांगा, "पु याओ फाङ रौ-मो, चू-यौ, हाओ-यौ": खिमा, चरबी, ऑयस्टर सॉस घालू नका. अंडं चालत नसेल तर 'ची-तान' हा शब्द जोडा. लसूण-कांदाही नको असेल तर तसं सांगा. मठातल्या बौद्ध शाकाहारात तो वर्ज्य असतो, त्यामुळे त्यांना ते नवीन नसतं. कागदावर चिनीत छापून नेलंत तर सर्वात उत्तम, कारण कागद स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि उच्चार तिथवर पोचत नाही.

तुम्ही काही खात नाही हे पाहिलं की पाहुणे अवघडतात, कारण यजमानच उपाशी! तेव्हा सहज आवाजात म्हणा: "नी-मन छ्र नी-मन त, पु-युङ क्वान वो." तुमचं तुम्ही जेवा, माझी चिंता करू नका. आणि ताटलीत काहीतरी घेऊन बसा. रिकामी ताटली हे सगळ्यात मोठ्यानं बोलणारं वाक्य असतं.

जेवायला सुरुवात यजमानाशिवाय होत नाही. पदार्थ टेबलावर येऊन थंड होत राहतील, कुणी हात लावणार नाही, आणि तुम्हाला वाटेल त्यांना भूक नाही. साहेबांनी म्हणायचं, "लाइ, ता-च्या तुङ ख्वाइ-त्स": चला, सगळ्यांनी चॉपस्टिक्स उचला. लगेच "श्येन छ्र त्येन", आधी थोडं खाऊन घ्या. हे दुसरं वाक्य तुमच्या साहेबांसाठी फार मोलाचं आहे, कारण रिकाम्या पोटी पहिला पेला टळतो आणि तो टाळल्याचं कुणाला खटकत नाही.

वाढताना साध्या तीन वाक्यांवर संध्याकाळ निघते. "छाङ-छाङ चे-क", हे चाखून बघा. "त्वो छ्र त्येन", आणखी घ्या. "ह-पु-ह खौ-वेइ?", चवीला जमलंय ना? फिरत्या चकतीवर नवा पदार्थ आला की तो आधी चाङ त्सुङांच्या पुढे नेऊन थांबवा, हात पसरून नुसतं 'छिङ' म्हणा. त्यांच्या ताटलीत स्वतः वाढायचं असेल तर 'कुङ-ख्वाइ', म्हणजे वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स वापरा. कोविडनंतर याकडे लोक जास्त लक्ष देतात.

इथे मराठी घरातला आग्रह कामाला येतो, पण एक मर्यादा सांभाळा. पाहुण्याचं पहिलं 'पु-युङ' किंवा 'कौ ल, कौ ल' (पुरे, पुरे) हे शिष्टाचाराचं असतं, तिथे एकदा पुन्हा वाढायचंच. पण "चन-त छ्र-पु-श्या ल", म्हणजे खरंच आता पोटात जात नाही, असं म्हणत हात ताटलीवर आला की थांबायचं. 'चन-त' म्हणजे 'खरंच', आणि तो शब्द आला की नकार खरा. आपल्याकडे पोळीवर पोळी टाकून पाहुण्याला जेरीस आणतात तसं तिथे केलंत तर अन्न ताटलीत तसंच राहील आणि तेही त्यांना संकोचाचं. २०२१मध्ये तिथे अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला, तेव्हापासून उरलेलं बांधून देणं हे अधिकच साधं झालंय. शेवटी 'ता-पाओ?' म्हणजे बांधून देऊ का, असं विचारायला लाजू नका. मात्र सगळे पदार्थ पुसून संपले तर यजमानानं कमी मागवलं असं वाटू शकतं, विशेषतः वयस्कर मंडळींना. थोडं उरलेलं बरं.

आता टोस्ट. चच्यांगमध्ये टेबलावर पायच्यौ येईल, म्हणजे बहुधा पन्नास टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली पांढरी दारू, किंवा शेजारच्या शाओशिंगची पिवळी तांदळाची दारू, जी पंधराच्या आसपास असते. यजमान तुम्ही असल्यानं निवड तुमच्या हातात आहे आणि हेच तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. पिवळी मागवा. निंगबोच्या माणसाला शाओशिंगची दारू म्हणजे शेजारचीच वस्तू, त्यात तुम्ही कंजूषपणा केला असं कुणी म्हणणार नाही. कुणी "पायच्यौ नाही?" असं हसत विचारलं तर एक बाटली मागवा, पण ती त्यांच्या मागणीनं आलेली असेल.

पहिला पेला साहेबांचा, उभं राहून, सगळ्यांना उद्देशून. मी हाच मजकूर बहुतेकांना देतो:

"चाङ त्सुङ, क-वेइ, कान-श्ये नी-मन चे ची-थ्येन त चाओ-कू. चू वो-मन ह-त्स्वो यू-ख्वाइ. वो चिङ ता-च्या यी पेइ!"

म्हणजे: चाङ साहेब आणि मंडळी, गेल्या काही दिवसांत तुम्ही आमची जी काळजी घेतलीत त्याबद्दल आभार. आपलं एकत्र काम आनंदाचं होवो. हा पेला मी सगळ्यांना अर्पण करतो. साहेबांना एवढं जमत नसेल तर वरचं सगळं मराठीत किंवा इंग्रजीत बोलू द्या, दुभाष्यानं सांगू द्या, पण शेवटचं 'वो चिङ ता-च्या यी पेइ' त्यांच्याच तोंडून येऊ द्या. या वाक्यात 'कान-पेइ' नाही हे बघा. 'चिङ' म्हटल्यावर एक घोट घेतला तरी चालतं, संपवण्याची हमी तुम्ही दिलेली नाही.

दोन्ही हातांनी पेला धरा, आणि टेकवताना तुमच्या पेल्याची कड त्यांच्या पेल्याच्या कडेच्या खाली ठेवा. तेही खाली नेतील, तुम्ही आणखी खाली. हा खेळ टेबलाच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो, तेवढ्यात हसून थांबायचं. लांब बसलेल्यांपर्यंत हात पोचत नसेल तर पेल्याचा तळ काचेच्या चकतीवर टकटक वाजवतात. याला ते गमतीनं 'क्वो-त्येन' म्हणतात, म्हणजे वीज पोचवणं.

यानंतर एकेकाला वेगवेगळा टोस्ट होतो, मुख्य पाहुण्यापासून सुरू करून क्रमानं. 'वो चिङ निन', आणि नाव. वयस्कर असतील तर 'शन-थी च्येन-खाङ', तब्येत ठणठणीत राहो. कुणालाही गाळू नका. सगळ्यात कनिष्ठ मुलालाही शेवटी का होईना पेला दाखवा. आणि मग ते सगळे उलट तुमच्याकडे येतील, पाच जण, एकामागून एक. साहेबांची खरी परीक्षा तिथे आहे.

त्यांच्यातला उत्साही कुणी येऊन म्हणेल, "वो कान ल, निन स्वेइ-यी": मी संपवतो, तुम्ही तुमच्या मर्जीनं. हे वाक्य नीट ऐका, कारण यात तुमची सुटका आहे. 'स्वेइ-यी' म्हणजे मर्जीप्रमाणे. घोट घ्या, मान लववा, झालं. इथे वीरश्रीनं संपवायला गेलात तर पुढच्या माणसाला तुमचा अंदाज कळतो. तुम्ही स्वतःहूनही हेच वापरू शकता: "स्वेइ-यी, स्वेइ-यी", किंवा "यी-स यी-स", म्हणजे नावापुरतं. कुणी ठेक्यात "कान-छिङ शन, यी खौ मन" असं म्हणालं तर ओळखून घ्या. भावना खोल असेल तर एका दमात गटकवा, अशी ती पंगतीतली म्हण आहे. चिडवणं आहे, हुकूम नाही. त्याला हसून "शिन-यी लिङ ल" म्हणायचं, तुमची भावना पोचली.

तुमचं, म्हणजे न पिणाऱ्याचं. तुमची गोष्ट सोपी आहे, पण एका अटीवर: पहिल्या पेल्यापासून शेवटपर्यंत तेच. वाक्य असं: "पु-हाओ-यी-स, वो यी छा ताइ च्यौ, चिङ निन यी पेइ." माफ करा, मी दारूच्या जागी चहा घेऊन तुम्हाला पेला अर्पण करतो. हे चार शब्दांचं, 'यी छा ताइ च्यौ', जुनं आणि सर्वमान्य रूप आहे. त्यात नकारही आला आणि मानही आला. पहिल्या सामूहिक टोस्टच्या आधी चहा ओतलेला असू द्या, म्हणजे दारूचा पेला भरला जाण्याआधीच प्रश्न मिटतो. भरलेला पेला परत करणं फार अवघड जातं. नऊ वाजता मूड बघून "एक घोट घेतो" असं केलंत तर मात्र आधीचे सगळे चहा खोटे ठरतात आणि उरलेल्या रात्री तुम्हाला सुटका नाही. मी हे एका सहकाऱ्याच्या बाबतीत बघितलंय. त्यानं मूनकेकसोबत गंमत म्हणून अर्धा पेला घेतला, आणि पुढचा तासभर प्रत्येक जण "आता मलाही" म्हणत आला.

साहेबांसाठी खरं कारणच सर्वोत्तम: "यी-शङ पु राङ ह च्यौ", डॉक्टर दारू पिऊ देत नाहीत. बीपीची गोळी आणि पायच्यौ हा विषय त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचाराच, आणि त्यांनी काय सांगितलं ते तंतोतंत पाळा. 'थोडी चालेल' असं उत्तर असेल तर पहिल्या सामूहिक पेल्यापुरती पिवळी, मग उघडपणे चहा. 'अजिबात नको' असेल तर पहिल्यापासून चहा. पाहुण्यांपैकी कुणी "खाइ-छ ल", म्हणजे गाडी चालवतोय, असं म्हणालं तर त्याला पुन्हा विचारूही नका. २०११पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्या कारणापुढे कुणाचाच आग्रह टिकत नाही. ज्यांना प्यायचंच असतं ते फोनवरून बदली ड्रायव्हर मागवतात, त्याला 'ताइ-च्या' म्हणतात.

नको म्हणण्याबद्दल आणखी एक, कारण मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपलं 'नको' हे शब्दकोशात बघून 'पु याओ' असं होतं. वाढणाऱ्या मुलीला स्वयंपाकाबद्दल सांगताना ते चालतं, पण पाहुण्यानं काही पुढे केलं आणि तुम्ही 'पु याओ' म्हणालात तर ते हात झटकल्यासारखं ऐकू येतं. तिथे "पु-युङ ल, श्ये-श्ये" म्हणा. आणि पदार्थ आवडत नसेल तर आवडीनिवडीबद्दल बोलूच नका, सवयीबद्दल बोला. निंगबोला मिठात मुरवलेला कच्चा खेकडा मोठ्या कौतुकानं पुढे येतो, 'हुङ-काओ छ्याङ-श्ये'. साहेबांनी "वो छ्र-पु-क्वान शङ त" म्हणावं, कच्चं खायची मला सवय नाही. दोष पदार्थाचा राहत नाही, आपल्या जिभेचा राहतो, आणि तोंड कुणाचंच पडत नाही. हाच 'छ्र-पु-क्वान' कुठल्याही पदार्थाला लावता येतो.

मध्येच कुणी पेला हातात घेऊन पैसे लवकर सोडण्याचा किंवा पुढच्या ऑर्डरचा विषय काढेल. त्याला टेबलावर 'हो'ही नको आणि 'नाही'ही नको. "मिङ-थ्येन त्साइ थान", उद्या बोलू. उद्या तुमचं विमान असेल तरी चालतं, त्यांनाही कळतं. उलट तुम्ही काही विचारलं आणि ते "येन-च्यौ येन-च्यौ" म्हणाले, विचार करतो, अभ्यास करतो, तर त्याला बहुतेक वेळा नकारच समजा आणि पुन्हा छेडू नका.

जेवण संपत आलंय हे भातावरून कळतं. "चू-श्र लाइ त्येन शन-म?", भात-नूडल्स काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलं की सगळ्यांना इशारा मिळतो. निंगबोला गेलात तर थाङ-य्वेन मागवा, काळ्या तिळाच्या सारणाचे तांदळाचे गोळे. सारणात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, त्यामुळे तुम्ही घेऊ नका, नुसते मागवा. त्यानंतर फळांची ताटली, आणि साहेबांनी शेवटचा सामूहिक पेला उचलून म्हणायचं:

"चाओ-ताइ पु चौ, छिङ त्वो पाओ-हान."

आदरातिथ्यात कमी पडलो असू, सांभाळून घ्या. आपण पंगतीच्या शेवटी 'काही कमी-जास्त झालं असेल तर गोड मानून घ्या' म्हणतो, हुबेहूब तेच. कितीही भरभक्कम जेवण दिलंत तरी हे म्हणायचंच, आणि ते 'नाही नाही, उत्तम झालं' म्हणणारच. कुणी "राङ निन फो-फेइ ल" म्हणालं, म्हणजे तुमचा खर्च झाला, तर "यिङ-काइ त", कर्तव्यच होतं.

मग दारापर्यंत जा, गाडीत बसेपर्यंत थांबा. 'मान त्सौ' म्हणा, सावकाश जा. ते उलट तुम्हालाच हॉटेलवर सोडायचा हट्ट धरतील, कारण गाव त्यांचं आहे. 'पु-युङ सुङ' एकदा म्हणून बघा, पण तिसऱ्यांदा गाडीचं दार उघडलं की बसून जा. बिल तुम्ही दिलंत, गाडी त्यांना देऊ द्या.